महत्त्वाचं काम सोडून आपण कपाट का आवरत बसतो: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीत कॉलेजला मानसशास्त्र शिकवते, वीसेक वर्षं झाली. परीक्षा जवळ आली की दरवर्षी कोणीतरी येऊन सांगतंच, "मॅडम, पुस्तक उघडलं की मला आधी टेबल पुसावंसं वाटतं, मग कप्पा आवरावासा वाटतो, मग दोन तास गेलेले असतात." मी त्यांना शहाण्यासारखी उत्तरं द्यायचे. मग गेल्या मे महिन्यात मी स्वतः महिनाभर हेच केलं, आणि आधीची माझी काही उत्तरं किती पोकळ होती ते कळलं. म्हणून हे परत लिहिलंय, माझीच केस धरून.

तुमची केस म्हणजे नक्की काय?

बाबा जानेवारीत गेले. देवगडजवळच्या गावात आमची सामाईक जमीन आहे, थोडी हापूसची कलमं आणि बाकी नुसता कातळ. सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातलं एक बाबांचं. त्यांच्या जागी आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं लावायची, म्हणजे वारस नोंद. कोकणातल्या कोणालाही विचारा, हे काम घराघरात पडून आहे, काही सातबाऱ्यांवर तर पणजोबा अजून जिवंतच आहेत. खरं तर काम केवढं, तर मृत्यूचा दाखला, वारस कोण कोण त्याचं प्रतिज्ञापत्र, सातबाऱ्याचा उतारा, आमची ओळखपत्रं आणि एक अर्ज, तो तलाठी ऑफिसात द्या नाहीतर ऑनलाइन ई-हक्कवर भरा.

मी त्यासाठी मे महिन्याचे चार रविवार मोकळे ठेवले. पहिल्या रविवारी लोखंडी कपाट आवरलं. दुसऱ्या रविवारी पोटमाळा, भर उन्हात, कौलाखाली, जिथे मे महिन्यात कोणी शहाणा माणूस चढत नाही. तिसऱ्या रविवारी फडताळातल्या बरण्या काढल्या, आमसुलं वेगळी, आगळ वेगळं, २०१९ सालचं लिंबाचं लोणचं सापडलं, ते खाण्यासारखं आहे का यावर आईशी अर्धा तास चर्चा. चौथ्या रविवारी मी एक नवी फाईल आणली, तिच्यावर स्केचपेनने सुंदर अक्षरात "वारस नोंद" असं लिहिलं, आणि आत काहीही न घालता ती कपाटात ठेवली.

ती फाईल लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

हा सरळसरळ आळस नाही का?

नाही. आळशी माणूस पोटमाळ्यावर चढत नाही, तो पंख्याखाली आडवा होतो आणि त्याला त्याचं काही वाईटही वाटत नाही. इथे माणूस घाम गाळत असतो आणि आतून टोचणीही चालू असते. चालढकलीची अभ्यासकांची व्याख्याच अशी आहे की एखादं काम करायचं असं आपण स्वतः ठरवलेलं असतं, पुढे ढकललं तर आपलंच नुकसान आहे हेही माहीत असतं, आणि तरी आपण ढकलतो. म्हणजे काम विसरलं तर ती चालढकल नव्हे, आणि दुसरं खरंच तातडीचं आलं म्हणून मागे ठेवलं तर तीही नव्हे. माहीत असून ढकललं तरच.

मग डोक्यात नेमकं काय होतं?

मी तो क्षण नंतर आठवून आठवून बघितला. रविवारी सकाळी चहा झाला, कागदांची पिशवी समोर घेतली, आणि एकदम पोटात काहीतरी आवळल्यासारखं झालं. विचार काहीच नव्हता, नुसतं आवळणं. आणि पुढच्याच सेकंदाला डोळ्यांना दिसलं की कपाटाचं दार नीट लागत नाहीये, आत साड्या कोंबल्यात. उठले, दार उघडलं, आणि ते आवळणं गेलं.

सगळी गोष्ट त्या "गेलं"मधे आहे. फ्युशिया सिरवा आणि टिमथी पिचिल या दोघांनी २०१३ साली एक लेख लिहिला, त्याचा मुद्दा असा की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रॉब्लेम नाहीच, तो भावना हाताळण्याचा आहे. काम समोर आलं की त्याच्याबरोबर एक नकोशी भावना येते, भीती, कंटाळा, लाज, गोंधळ, काहीही, आणि आपण काम टाळत नसतो, ती भावना टाळत असतो. उठलो की लगेच बरं वाटतं. आणि ज्याने लगेच बरं वाटतं ते मेंदू शिकून घेतो, पुढच्या वेळी आणखी लवकर उठवतो. माझ्या चौथ्या रविवारी तर पिशवी उघडायचीही गरज लागली नाही, नुसती बघितली तरी हात कामाला लागले.

मुलांना मी पूर्वी टाइमटेबल करायला सांगायचे. टाइमटेबल माझ्याकडेही होतं की, चार रविवार लिहिलेले होते. ते काय कामाचं.

पण कपाटच का? टीव्ही का नाही, मोबाईल का नाही?

मोबाईलही असतोच, पण त्यात अपराधीपणा लवकर चढतो. कपाटाची गंमत अशी की ते काम आहे. आई आत डोकावली तर म्हणेल, बरं झालं गो, किती दिवस राहिलं होतं. म्हणजे टाळलंही आणि वर शाबासकीही मिळाली.

दुसरं असं की अर्जाकडे जे नव्हतं ते सगळं कपाटाकडे होतं. सुरुवात कुठे करायची ते दिसतं, वरची घडी उचलायची. संपलं कधी तेही दिसतं. मधे कोणाची परवानगी लागत नाही, कोणी तपासत नाही, कोणी नापास करत नाही. साडीची घडी चुकली तर परत घालायची. आणि अर्ध्या तासात डोळ्यांसमोर बदल दिसतो, जो अर्ज भरून सहा आठवड्यांनीही दिसेल याची खात्री नाही.

आणि पुसणं-घासणं या हालचालींचंच स्वतःचं काहीतरी आहे. झेक रिपब्लिकमधल्या मार्टिन लांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक छान प्रयोग छापला. लोकांना एक चकचकीत शोभेची वस्तू दाखवली, काहींना सांगितलं की हिच्यावर तुम्हाला कलेतल्या जाणकारासमोर भाषण द्यायचंय, काहींना नुसता तिच्यावर विचार करायला सांगितला, आणि मग सगळ्यांना ती वस्तू ओल्या फडक्याने पुसायला दिली, मनगटांना हालचाल मोजणारे सेन्सर लावून. ज्यांची चिंता जास्त वाढली होती त्यांचे हात जास्त एकसुरी, परत परत त्याच जागी फिरत होते. म्हणजे पुसायला सांगितलं होतं सगळ्यांनाच, पण चिंतेने पुसण्याची पद्धत बदलली. आमच्या देव्हाऱ्यातलं निरांजन मी त्या महिन्यात तीनदा चिंचेने घासलं, ते आठवून मला हे वाचताना हसू आलं.

प्राणीही असं करतात असं ऐकलंय, खरंय का?

थोडंसं. गावाकडे दोन कोंबडे समोरासमोर उभे राहिलेले ज्यांनी बघितलेत त्यांना माहीत असेल, मान फुगवून भांडायच्या तयारीत असताना मधेच एक जण खाली वाकून दाणे टिपायला लागतो, आणि तिथे दाणे नसतातच. निको टिंबर्गेन यांनी १९४०च्या सुमाराला अशा वागण्याचा अभ्यास केला, लढू की पळू अशा कात्रीत सापडलेला प्राणी तिसरंच काहीतरी करतो, चोच मारतो, पिसं नीट करतो. काटेरी छोटे मासे तर हद्दीवर भांडताना अचानक वाळू उकरायला लागतात. त्याचं कारण टिंबर्गेननी जे दिलं होतं ते पुढे तसंच्या तसं टिकलं नाही, आणि कोंबड्यावरून माणसाचं सगळं सिद्ध होत नाही. पण चित्र म्हणून मला ते पटतं. काम करावंसं वाटतंय आणि पळावंसंही वाटतंय, मग आपलं दाणे टिपायचं.

आमच्याकडे तर आवरणं खरंच गरजेचं असतं. पावसाळ्याआधी आवरलं नाही तर सगळ्याला बुरशी येते. मग ते टाळणं कसं?

हा प्रश्न फक्त कोकणातलेच लोक विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. इथे मिरगाच्या आत शाकारणी, सरपण, आगोट भरणं, गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवणं, पापड-आमसुलं डब्यात बंद करणं ही करमणूक नव्हे. जुलैत कपाट उघडलं आणि चामडी चप्पल हिरवी झालेली बघितली की कळतं. म्हणूनच हे बहाणे आपल्याला इतके छान जमतात, कारण ते ऐंशी टक्के खरे असतात.

फरक ओळखायला मी तीन गोष्टी बघते. एक, आवरायची आठवण कधी आली. काल रात्री जेवताना आली असेल तर ठीक, कागद समोर घेतल्यावर दोन मिनिटांत आली असेल तर संशय घ्या. दोन, काम वाढत जातं का. पावसाची तयारी म्हणून गाद्या उन्हात टाकल्या, त्या वाळल्या, काम संपलं. पण माझं कपाट आवरून झालं तेव्हा मला वाटलं की आता खालचा कागदही बदलूया, मग कागद आणायला बाजारात गेले, मग डांबराच्या गोळ्याही आणल्या, मग वाटलं गोळ्या साडीला लागू नयेत म्हणून कापडाच्या पुरचुंड्या शिवूया. पुरचुंड्या! शिवल्याही मी अकरा. खरं काम संपवायची घाई असते, टाळायच्या कामाला शेपूट फुटत जातं.

तिसरी खूण माझ्या मते सगळ्यात पक्की आहे, काम संपल्यावर कसं वाटतं ते बघा. गरजेचं आवरून झालं की माणूस थकतो आणि चहा मागतो. टाळण्यासाठी आवरलं असेल तर शेवटची घडी ठेवताना किंचित निराशा वाटते, अरे संपलं का, आता काय करू. शेजारच्या आजी मला पुरचुंड्या शिवताना बघून म्हणाल्या होत्या, "गे बाय, तां कपाट खंय पळान जातला?" त्यांनी मानसशास्त्र शिकलेलं नाही.

तुम्ही नक्की कशाला घाबरत होतात? अर्जच तर भरायचा होता.

हाच प्रश्न मी स्वतःला जूनच्या पहिल्या आठवड्यात विचारला, म्हणजे विचारायला हवा होता त्याच्या पाच आठवडे उशिरा. कागदावर लिहिलं, "मी अर्ज भरायला बसले तर काय होईल असं मला वाटतंय?" आणि पेन आपोआप लिहीत गेलं: काकांना फोन करावा लागेल.

डोंबिवलीच्या काकांशी आमचं दोन वर्षं बोलणं नाही. कलमं कराराने दिली होती त्या पैशांवरून बाबांचं आणि त्यांचं वाजलं, बाबा गेले तेव्हा ते आले, दहाव्याला थांबले, पण तो विषय कोणीच काढला नाही. जुने फेरफार त्यांच्याकडे आहेत, त्यामुळे माझ्या डोक्यात अर्ज म्हणजे काका असं घट्ट बसलेलं. त्यांना फोन करायचा, ते म्हणणार आता जमिनीसाठी आठवण झाली का, मी काय उत्तर देणार.

आता मजा बघा. मी कागदावर लिहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी तलाठी ऑफिसात फक्त एवढंच विचारायला गेले की काकांची सही लागते का. नाही लागत. बाबांचे वारस आम्ही तिघं, अर्ज आमचा, काका बाबांचे सहहिस्सेदार आहेत, वारस नाहीत. नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत घ्यायची असेल तर ते घेऊ शकतात, त्याउपर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यांच्या हरकतीला कारण असायला हवं, आणि आम्ही बाबांची मुलं नाही असं तर ते म्हणणार नव्हते. जुने फेरफारही माझ्या या अर्जाला लागत नव्हते.

म्हणजे मी महिनाभर ज्या फोनपासून पळत होते तो फोन या कामाचा भागच नव्हता. हे मला पहिल्या रविवारी वीस मिनिटांत कळलं असतं. टाळण्याचं खरं नुकसान वेळेचं नाही, ते हे आहे. कामाजवळ गेलोच नाही तर आपली भीती खरी आहे का खोटी हे तपासायची संधीच मिळत नाही, ती तशीच्या तशी, किंबहुना आणखी जाडजूड होऊन राहते. कपाट चकचकीत आणि भीतीही चकचकीत.

आणि ती फाईल?

हां. ती सगळ्यात धोकादायक, कारण ती कामासारखी दिसते. कपाट आवरताना मला निदान माहीत होतं की मी अर्ज भरत नाहीये. फाईलवर नाव लिहिताना मला खरंच वाटलं की मी सुरुवात केली. मुलांचंही असंच, पाच रंगांचे हायलायटर, टाइमटेबलचा सुंदर तक्ता, नोट्सच्या झेरॉक्स बाईंडिंग करून. एमपीएससीची तयारी करणारा माझा एक विद्यार्थी पुस्तकांना कव्हरं घालण्यात एक आख्खा आठवडा घालवून आला होता. तपासायचं कसं, तर विचारायचं की हे केल्याने समोरच्या माणसाच्या हातात द्यायला काही तयार झालं का. प्रतिज्ञापत्राची एक ओळ लिहिली असती तर झालं असतं. फाईलने नाही झालं.

मला प्रेशर आलं की भारी काम होतं. मग शेवटच्या दिवशी केलं तर काय बिघडलं?

डायन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ साली कॉलेजच्या मुलांवर सेमिस्टरभर लक्ष ठेवलं. सुरुवातीला चालढकल करणारी मुलं जास्त मजेत होती, ताण कमी, तब्येतीच्या तक्रारी कमी. शेवटी शेवटी उलटं, त्यांचा ताण आणि दुखणी इतरांपेक्षा जास्त, एकंदर हिशोब केला तरी जास्तच, आणि मार्क कमी. एकाच कॉलेजमधली थोडी मुलं, त्यामुळे फार ताणू नका. पण "प्रेशरमधे भारी होतं" म्हणणाऱ्याला मी विचारते की आधी करून बघितलंयस कधी, तुलना कशाशी करतोयस?

आणि वारस नोंदीसारख्या कामांना तर शेवटचा दिवस नसतोच. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवावं असं आहे, पण ते उलटले तरी आभाळ कोसळत नाही, म्हणून ती पणजोबांपर्यंत पडून राहतात. डोक्यावर तारीख नसलेली कामं, डॉक्टरकडे जाणं, मृत्युपत्र, कोणाची माफी मागणं, ही या सवयीत सगळ्यात जास्त बुडतात.

मी परफेक्शनिस्ट आहे, म्हणून सुरुवात होत नाही.

ऐकायला छान वाटतं. पिअर्स स्टील यांनी २००७ साली चालढकलीवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून बघितले, त्यात परफेक्शनचा संबंध फारच किरकोळ निघाला, त्यापेक्षा काम नकोसं वाटणं आणि मन चटकन दुसरीकडे उडणं यांचा संबंध कितीतरी मोठा. पण एक गोष्ट आहे. जोसेफ फेरारी आणि टाइस यांच्या २००० सालच्या प्रयोगात एकच गणिताचं काम काहींना "तुमची क्षमता मोजणार आहोत" म्हणून दिलं आणि काहींना खेळ म्हणून. नेहमी चालढकल करणाऱ्यांनी सराव टाळला तो क्षमता मोजणार म्हटल्यावरच, खेळ म्हटल्यावर तेही इतरांसारखेच वागले. तेव्हा "मला परफेक्ट हवं" यापेक्षा "मला तपासलं जाणार आहे" ही भीती शोधा, ती बहुतेक सापडते.

मूड लागला की करीन, असं केलं तर?

मूडची वाट बघणं हीच तर अडचण आहे. २००१ साली टाइस आणि सहकाऱ्यांनी मुलांना उदास केलं, मग परीक्षेच्या सरावाला वेळ दिला आणि बाजूला टाइमपासच्या मजेशीर वस्तू ठेवल्या. उदास मुलं टाइमपासकडे वळली. पण काहींना एक सुगंधी मेणबत्ती लावून सांगितलं होतं की हिच्या वासाने आत्ताचा मूड आहे तसाच गोठून राहतो, काही केलं तरी बदलत नाही. थाप होती ती. पण ज्यांना ती पटली त्यांनी टाइमपास सोडला, कारण मूड सुधारणारच नसेल तर पळून उपयोग काय.

मी आता कधीकधी स्वतःला तेच सांगते, आज आवळलेलंच राहणार आहे, आवळलेल्या पोटानेच अर्ज भरायचा. चमत्कार होत नाही पण खुर्चीवरून उठणं थांबतं.

मग करायचं काय, नीट सांगा.

कपाटाची जी गंमत होती ना, सुरुवात दिसते आणि हाताला लागते, ती मोठ्या कामाला द्यायची. "वारस नोंद करणे" हे काम नाहीच, ती दहा कामांची पिशवी आहे, आणि पिशवीकडे बघून कोणाचाही हात पुढे होत नाही. मी शेवटी सुरुवात केली ती अशी: मृत्यूच्या दाखल्याच्या दोन झेरॉक्स. बस. "कागदपत्रं गोळा करणे" नाही, दोन झेरॉक्स.

दुसरं, कधी आणि कुठे ते जर-तर करून ठरवायचं. पीटर गोलविट्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी १९९७ साली जर्मन मुलांना नाताळच्या संध्याकाळचं वर्णन दोन दिवसांत लिहून पाठवायला सांगितलं, काहींकडून आधी लिहून घेतलं की कुठे बसून, किती वाजता लिहिणार. लिहून दिलेल्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त मुलांनी वेळेत पाठवलं, बाकीच्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश. माझं वाक्य होतं, "मंगळवारी कॉलेज सुटून एसटी स्टँडकडे वळले, की आधी झेरॉक्सच्या दुकानात जाणार." यात रविवार नाही हे बघा. रविवार म्हणजे घर, आणि घरात कपाट आहे.

हे कुठे फसतं तेही सांगते. "जेव्हा वेळ मिळेल तेव्हा" हा जर-तर नव्हे, वेळ मिळाला हे कळायला काही खूण नसते. "जेवण झालं की" चालतं, "एसटीतून उतरले की" चालतं. आणि पहिली पायरी खूप छोटी केली तरी तिच्यात भीतीचा माणूस लपलेला असेल तर ती फसतेच, "काकांना फक्त एक मेसेज" हे छोटं नव्हतं. आधी भीती कुठे आहे ते लिहून काढा, मग तिच्या अलीकडची पायरी निवडा.

आवरण्याची खुमखुमी वापरून घेता येत नाही का?

येते. जॉन पेरी नावाचे स्टॅनफर्डचे तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांनी १९९६ साली गमतीत मांडलं की यादीत वर एक भलंमोठं काम ठेवा, ते टाळण्यासाठी माणूस खालची सगळी उपयोगी कामं करून टाकतो. त्याला २०११ सालचं साहित्याचं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला मिळणारं गमतीचं नोबेल. युक्ती खरी आहे, माझा मे महिना त्या हिशोबाने फारच उत्पादक होता. पण वरचं काम खरोखरच करायलाच हवं असं असेल तर ही युक्ती तुम्हाला तिथे पोचवत नाही.

मुलगा बारावीला आहे, अभ्यास सोडून सायकल पुसत बसतो. ओरडू का?

ओरडलात तर अभ्यासाला चिकटलेल्या नकोशा भावनेत तुमचा आवाजही जमा होतो. "काय रे बाबू, कुठला धडा नकोसा झालाय?" असं विचारून बघा, बहुतेक वेळा एकच धडा असतो, आणि त्यात एकच जागा असते जिथून पुढे काही कळलेलं नसतं. कार्लटन विद्यापीठातल्या मायकेल वोल आणि सहकाऱ्यांना २०१० साली असं दिसलं की पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्या मुलांनी स्वतःला माफ केलं त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. उलट वाटतं ऐकायला, पण विचार करा, स्वतःला शिव्या घातल्या की ते पुस्तक उघडणं आणखीच नकोसं होतं.

हा आजार आहे का? डॉक्टरकडे कधी जायचं?

नुसती सवय आजार नाही. पण लहानपणापासून सगळ्याच कामात, आवडीच्यासुद्धा, मन टिकत नसेल, किंवा कपाटही आवरावंसं वाटत नाही, उठावंसंच वाटत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, किंवा पुसणं थांबवलं तर काहीतरी भयंकर होईल असं वाटतं आणि थांबवताच येत नाही, तर ही तीन वेगवेगळी दुखणी असू शकतात आणि त्यांना उपचार आहेत. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

नोंद झाली का शेवटी? आणि काका?

अर्ज जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिला, धो धो पावसात, कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळून. नोटीस निघाली, हरकत कोणाची आली नाही, नावं लागली. काकांना मी नोटीस पोचायच्या आधी फोन केला, म्हटलं त्यांना कागदावरून कळायला नको. चार मिनिटं बोलले, त्यातली तीन यंदा मोहोर कसा जळला यावर. कलमांच्या पैशांचा विषय निघाला नाही, तो आहे तिथेच आहे.

आणि कपाट?

खालचे चार कप्पे अजून छान आहेत, पुरचुंड्यांसकट. वरच्या कप्प्यात बाबांचे शर्ट आहेत. महिनाभर मी त्या कपाटात डोकं घालून बसले होते आणि तो कप्पा एकदाही उघडला नाही, हे मला आईने सांगितल्यावर लक्षात आलं. पाऊस संपला की दसऱ्याच्या आधी तिथे ऊन येतं खिडकीतून, तेव्हा काढू म्हणाली. तिने दिवसही सांगितलाय, आणि ती स्टूल धरणार आहे.